किलोला दीड लिटर? एका रिग्रेशनची आणि दोन ईमेलची गोष्ट

हे प्रकरण नगर जिल्ह्यातल्या एका पशुखाद्य विकणाऱ्या क्लायंटचं आहे. नाव-गाव सांगत नाही, आकडेही जरा गोल केलेत, पण त्यांचा एकमेकांशी मेळ जुळेल असेच ठेवलेत. मी डेटाचं काम करतो, फ्रीलान्स. क्लायंट पन्नाशीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांचा स्वतःचा खाद्याचा ब्रँड आहे, ५० किलोची गोणी, आणि त्यांना एक पत्रक छापायचं होतं ज्यावर मोठ्या अक्षरात यायला हवं होतं की आमचा एक किलो खुराक घाला, इतकं इतकं दूध वाढतं. "इतकं" च्या जागी कुठला आकडा घालायचा एवढंच माझं काम, असं त्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मलाही तसंच वाटत होतं.

डेटा त्यांच्या पोरांनीच गोळा केलेला, आणि चांगला केलेला, हे आधी सांगतो कारण अशा गोष्टीत दोष नेहमी डेटाला दिला जातो. ३१ गोठे, ११८ गायी, सगळ्या एचएफ संकरित, फेब्रुवारी महिना. प्रत्येक गाईचा दिवसाचा खुराक काट्यावर मोजलेला (टोपल्याने अंदाजे नाही), सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारांचं दूध मोजलेलं, वेत कितवं, व्याल्याला किती दिवस झाले, मुरघास आहे की फक्त हिरवा चारा, हे सगळं शीटमध्ये होतं. मी खुराक आडव्या अक्षावर आणि दूध उभ्या अक्षावर टाकलं आणि ठिपके इतके छान वर चढत गेले की असा ग्राफ बघून कुणालाही मोह होईल. रेष बसवली, म्हणजे रिग्रेशन केलं, ती अशी:

```
dudh = 4.2 + 1.6 * khurak
```

आर स्क्वेअर, म्हणजे ठिपके रेषेच्या किती जवळ आहेत ह्याचं माप, ०.६१. उताराची, म्हणजे त्या १.६ ची, रेंज साधारण १.४ ते १.८. म्हणजे ज्या गाईला एक किलो खुराक जास्त आहे तिचं दूध सरासरी १.६ लिटरने जास्त आहे. हे वाक्य मी आत्ता जसं लिहिलं ना, "जास्त आहे तिचं जास्त आहे", ते बरोबर आहे. पण मी अण्णांना पहिल्या मेलमध्ये लिहिलं ते असं: "एक किलो खुराक वाढवल्यास दूध १.६ लिटरने वाढते (आर स्क्वेअर ६१ टक्के)." आणि मग खाली, सही करायच्या आधी, बारीकशा परिच्छेदात, की हे फक्त सहसंबंध दर्शवते, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तसेच डेटाच्या व्याप्तीबाहेर अनुमान काढू नये. आपण पुस्तकात वाचलेलं वाक्य चिकटवलं की आपली जबाबदारी संपली, तशातला प्रकार.

अर्ध्या तासात फोन. अण्णा खूष. म्हणाले, साहेब तुम्ही तर आमच्या मनातलं काढलं, मग १२ किलो घातलं तर साडेतेवीस लिटर की हो. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर केलं होतं, १२ गुणिले १.६, अधिक ४.२, तेवीस पॉईंट चार. गणित बरोबरच होतं. पुढे म्हणाले की किलोला आपला भाव ३३ रुपये पडतो, १.६ लिटर दुधाचे ३० प्रमाणे ४८ होतात, म्हणजे शेतकऱ्याला किलोमागे १५ रुपये सुटतात, पत्रकावर हेच टाकतो. त्या खालच्या परिच्छेदाबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते काय, ते तुमचं कायद्याचं असतंय ना?"

म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी भराभर बोलायचे तसं. त्यांना ते तसंच वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नाही. मी आकडा वर ठळक लिहिला आणि त्याच आकड्याला खोटं पाडणारी गोष्ट खाली बारीक लिहिली, तर माणूस काय वाचणार?

बरं, चूक नुसती मांडणीचीही नव्हती. "वाढवल्यास वाढते" हे वाक्यच डेटात नव्हतं. आमच्या शीटमध्ये एकाही गाईचा खुराक कुणी वाढवून बघितलेला नाही. प्रत्येक गाय एकदाच, एकाच दिवशी मोजलेली. म्हणजे आमच्याकडे होती ती गाई-गाईंमधली तुलना, आणि मी ती एका गाईतल्या बदलाची म्हणून विकली.

त्या रात्री मी साधा प्रश्न स्वतःला विचारला जो आधी विचारायला हवा होता: कुठल्या गाईला किती खुराक हे ठरवतं कोण आणि कशावरून? दुसऱ्या दिवशी तीन-चार गोठेवाल्यांना फोन केले. एक जण म्हणाला, "अडीच लिटरला किलो, अजून काय." म्हणजे दूध बघून खुराक. व्यायली, दूध वर गेलं, की खुराक वाढवायचा, दूध उतरायला लागलं की कमी करायचा, आटवायला आली की जवळजवळ बंद. हा नियम आपल्याकडे सगळीकडे आहे, गाईला दुधाच्या ४० टक्के, म्हशीला ५० टक्के, आणि शरीरपोषणाला वरचा किलो-दीड किलो वेगळा (तो बरेच जण घालत नाहीत, हिरव्या चाऱ्यावर भागवतात). लहानपणी गावाकडे मीही हे ऐकलेलं आहे आणि तरीही ग्राफ बघताना डोक्यात आलं नाही, ह्याची मला आजही लाज वाटते.

म्हणजे बाण उलटा होता. मी समजत होतो खुराकावरून दूध, आणि गोठ्यात चाललं होतं दुधावरून खुराक. आता हे नुसतं म्हणण्यापेक्षा तपासता येतं का? येतं, आणि अगदी सोपं आहे. रिग्रेशन उलटं चालवायचं, दूध आडवं आणि खुराक उभा.

```
lm(khurak ~ dudh, data = gayi)
```

उतार आला ०.३८, आणि सुरुवातीचा आकडा ०.३, म्हणजे जवळपास शून्यच. एक लिटरला ०.३८ किलो म्हणजे किलोला साधारण २.६ लिटर. अडीच लिटरला किलो! शेतकऱ्याने फोनवर जे तीन शब्दांत सांगितलं तेच मला ११८ ओळींच्या शीटमधून मिळालं. आणि ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी, १.६ गुणिले ०.३८ केलं की ०.६१ येतं, जो आपला आर स्क्वेअर आहे. हे दरवेळी असंच येतं, कुठल्याही दोन कॉलमचे दोन्ही बाजूंचे उतार गुणले की आर स्क्वेअर. म्हणजे रिग्रेशनला बाण कुठल्या दिशेचा हे माहितीच नसतं, तुम्ही कुठला कॉलम कुठे ठेवलात एवढंच त्याला कळतं. माझा १.६ म्हणजे शेतकऱ्यांचा ४० टक्क्यांचा नियम उलटा करून, त्यात गाई-गाईंमधला फरक मिसळून, जे उरलं ते. खाद्याच्या ताकदीबद्दल त्यात किती होतं? कदाचित थोडं असेलही, पण वेगळं काढायला काही मार्ग नव्हता.

इथे कुणी म्हणेल की मग व्याल्याचे दिवस आणि वेत मॉडेलमध्ये घाल की. घातले. उतार १.६ चा १.१ झाला. ह्याचा अर्थ काही लोक असा घेतात की आता "खरा" परिणाम १.१ आहे. नाही. ताज्या व्यायलेल्या गाईला दूधही जास्त आणि खुराकही जास्त, तेवढा भाग ह्याने बाजूला झाला. पण सारख्याच दिवसांच्या, सारख्याच वेताच्या दोन गाईंमध्येही जिचं दूध जास्त तिलाच मालक जास्त घालतो, आणि हे कुठलाही कॉलम वाढवून जात नाही कारण इथे तिसरी गोष्ट मध्ये नाहीच, दूधच खुराक ठरवतंय. हा आकडा १.६ चा १.१ झाला एवढ्यावरून फक्त इतकं कळतं की तो पाण्यावरचा आहे, दुसरं काही नाही.

आता १२ किलोचा विषय. हा वेगळा आहे, आणि दोन्ही एकत्र केले की क्लायंटचा गोंधळ होतो हे मी शिकलो. समजा पहिला प्रश्न नसताच, समजा १.६ खराच परिणाम असता, तरी १२ किलोला ती रेष चालली असती का?

शीटमध्ये खुराक २ किलोपासून ८ किलोपर्यंत होता, सरासरी ४.९. सात किलोच्या वर फक्त ९ गायी, आणि त्यातल्या ६ एकाच गोठ्यातल्या, ज्याच्याकडे वर्षभर चांगला मुरघास आहे आणि जो कालवडी निवडून आणतो. म्हणजे रेषेचं उजवं टोक खरं तर एका माणसाच्या गोठ्याने धरून ठेवलेलं. आणि ८ च्या पुढे तर एकही ठिपका नाही, कोरा कागद. पण सॉफ्टवेअरला विचारा:

```
m <- lm(dudh ~ khurak, data = gayi)
range(gayi$khurak)
# 2 8
predict(m, data.frame(khurak = 12), interval = "confidence")
#    fit  lwr  upr
#   23.4 21.7 25.1
```

बघा, किती शांतपणे सांगतं. कुठे वॉर्निंग नाही, लाल अक्षर नाही, वर २१.७ ते २५.१ अशी सभ्य रेंजही देतं. नवीन पोरं इथेच फसतात, त्यांना वाटतं की रेंज दिलीये म्हणजे अनिश्चितता धरलीये. ती रेंज एवढंच धरते की रेष नक्की कुठे बसवायची ह्यात थोडी चूक असू शकते. रेष ८ च्या पुढे सरळच जाते का, ही शंका तिच्यात मोजलेलीच नसते, ती गृहीतच धरलेली असते. दूर गेलं की रेंज थोडी रुंद होते, पण रेष वाकणार असेल तर ते वाकणं तिला कळायला काही वावच नाही.

मी शिकवताना ह्याला नेहमी थंडीत उडवलेल्या आणि हवेतच फुटलेल्या चॅलेंजर अवकाशयानाचं उदाहरण देतो. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणाच्या वेळी तापमान ३६ फॅरनहाइट होतं, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या जरा वर, आणि त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण होतं पन्नास फॅरनहाइटच्या जरा वरचं, म्हणजे १०-१२ सेल्सिअसच्या आसपास. मधल्या पट्ट्याबद्दल उड्डाणांचा एकही अनुभव नव्हता. पण अण्णांना रॉकेट सांगून काय उपयोग, त्यांना गाय कळते. मग गाईच्याच पोटाचा हिशोब केला, आणि तो करताना मलाही कळलं की डेटा ८ किलोला थांबतो हा योगायोग नाही.

चारशे किलोची दुभती गाय दिवसाला वजनाच्या तीन-साडेतीन टक्के कोरडं खाणं खाते, म्हणजे पाणी वजा करून १२ ते १४ किलो. खुराकात दहा टक्के ओल धरली तर १२ किलो खुराक म्हणजे १०.८ किलो कोरडं. राहिले एक ते तीन किलो, त्यात कडबा, मुरघास, हिरवा चारा सगळं बसवायचं. गाय ही चारा खाणारी आहे, तिच्या कोटीपोटाला धागा लागतो, कारण धाग्यामुळे रवंथ होतं, रवंथामुळे लाळ येते, आणि ती लाळ पोटातलं आम्ल मारते. खुराकातलं स्टार्च भराभर आंबतं, आम्ल वाढतं, वर रवंथ कमी म्हणून लाळही कमी. मग गाय खाणं सोडते, शेण पातळ होतं, दुधाची फॅट पडते, पुढे खुरं दुखायला लागतात. साधारण ४० टक्के तरी चारा असावा असं धरतात, तेरा किलोच्या हिशोबात खुराक जास्तीत जास्त पावणेनऊ किलोच्या आसपास येतो. गोठेवाल्यांनी हे सूत्र वाचलेलं नाही पण त्यांचं आठ किलोला हात आखडणं हे ह्याच अनुभवातून आलेलं. म्हणजे जिथे डेटा संपतो तिथेच बरोबर रेषेचा नियम बदलतो, आणि पत्रक वाचून लोकांनी पुढे जावं अशी आमची योजना होती.

तर दुसरा मेल. तो लिहायला मला पहिल्या विश्लेषणापेक्षा जास्त वेळ लागला. तीनदा लिहून खोडला. पहिल्या खर्ड्यात सहसंबंध हा शब्द चार वेळा होता, तो पूर्ण काढला, कारण अण्णांच्या डोक्यात "संबंध आहे" म्हणजे "मग आहेच की". दुसऱ्या खर्ड्यात मी १.६ हा आकडा पुन्हा वर ठेवला होता, सवयीने. शेवटी ठरवलं की आकडा शेवटी, आणि तोही अशा वाक्यात की कापून पत्रकावर टाकता येणार नाही. हा पूर्ण मेल:

"नमस्कार अण्णा,

कालच्या मेलमधलं एक वाक्य मी चुकीचं लिहिलं होतं, ते कृपया पत्रकावर घेऊ नका. 'खुराक वाढवल्यास दूध वाढते' असं मी लिहिलं. आपल्या शीटवरून तसं म्हणता येत नाही, आणि ही चूक माझी आहे, मोजणाऱ्या पोरांची नाही.

आपण ११८ गायी प्रत्येकी एकदाच बघितल्या. ज्यांना खुराक जास्त होता त्यांचं दूध जास्त होतं, हे खरं. पण मालक खुराक दूध बघूनच ठरवतात, अडीच लिटरला किलो. घरात पाहुणे जास्त म्हणून भाकरी जास्त थापतो, भाकरी जास्त थापल्या म्हणून पाहुणे वाढत नाहीत. आपल्या शीटमध्ये तो अडीच लिटरचा नियमच उमटला आहे, मी उलट हिशोब करून बघितला, २.६ लिटरला किलो येतं. खुराकामुळे किती दूध वाढलं हे ह्यातून वेगळं काढता येत नाही. काहीच वाढत नाही असंही मी म्हणत नाही, आपण ते मोजलेलं नाही एवढंच.

दुसरं, १२ किलोचं. आपल्याकडे २ ते ८ किलो खाणाऱ्या गायी आहेत. ८ च्या पुढे एकही नाही. त्यामुळे १२ किलोला २३.४ लिटर हा आकडा कुठल्याही गाईवरून आलेला नाही, तो रेष पट्टीने पुढे ओढून आला आहे. आणि गाईच्या बाबतीत पुढे रेष सरळ राहत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बारा किलो खुराक खाल्ल्यावर तिच्या पोटात चाऱ्याला एक ते तीन किलोची जागा उरते. कुणी पत्रक वाचून तसं केलं आणि गाय बसली तर नाव गोणीवरचं जाईल. तसंच खुराक शून्य केला तर ४.२ लिटर मिळेल असंही समजू नका, शून्य खुराकाची गायही आपल्याकडे नाही.

तिसरं, ह्या सगळ्या फेब्रुवारीतल्या एचएफ संकरित गायी आहेत. गीर, म्हैस, किंवा मे महिन्यातला उन्हाळा, ह्यांच्याबद्दल ही शीट गप्प आहे.

ह्या शीटवरून बिनधास्त म्हणता येईल ते एवढं: 'फेब्रुवारीत पाहिलेल्या आपल्या ११८ गायींमध्ये, २ ते ८ किलोच्या दरम्यान, एक किलो जास्त खुराक असलेल्या गाईचं दूध सरासरी १.६ लिटर जास्त होतं, आणि एकेका गाईचं दूध त्या अंदाजाच्या चार लिटर इकडे-तिकडे असू शकतं.'

पत्रकावर टाकण्यासारखा आकडा हवा असेल तर खुराक खरोखर बदलून बघावं लागेल. दहा-बारा गायी आणि दीड महिना पुरेल. कसं करायचं ते सोबत जोडलं आहे. ह्याचे वेगळे पैसे घेणार नाही."

शेवटचं वाक्य मी धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणाचं लिहिलं असं माझ्या बायकोचं मत आहे.

फोन आला तो संध्याकाळी. आवाज गार होता. "म्हणजे तुमचं गणित चुकलं?" मी म्हटलं, गणित नाही चुकलं अण्णा, मी त्या गणिताचं मराठीत सांगताना चुकलो. ते म्हणाले, "मग आर का काय ते ६१ टक्के होतं त्याचं काय, ते चांगलंय ना?" हा प्रश्न मला इतक्या क्लायंटनी विचारलाय. म्हटलं, त्याचा अर्थ ठिपके रेषेच्या बऱ्यापैकी जवळ आहेत एवढाच, रेष का आहे हे तो सांगत नाही, उलट बाजूने बसवली तरी ६१ च येतात. ते थोडा वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "पाहुण्यांचं पटलं." पुतण्याने मेलची प्रिंट काढून दिली होती म्हणे आणि त्यांनी भाकरीच्या वाक्याखाली पेनाने रेघ मारली होती. पाहुण्यांमुळे पटलं की गोणीवरचं नाव जाईल ह्या वाक्यामुळे, हे देव जाणे, माझा संशय दुसऱ्यावर आहे.

प्रयोग केला. आराखडा सांगतो कारण मेलमध्ये नुसतं "करू नका" लिहिण्यापेक्षा "मग काय करा" लिहिलं की माणूस ऐकतो. १२ गायी, तीन गोठे, सगळ्या व्याल्यापासून ६० ते १५० दिवसांतल्या, खुराक ४ ते ६ किलोच्या दरम्यान. प्रत्येक गाय तीन आठवडे नेहमीच्या खुराकावर आणि तीन आठवडे एक किलो जास्तवर, बाकी चारा तोच. सहा गायींना आधी जास्त मग नेहमीचा, सहांना उलटं, आणि कुठली गाय कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून. हे उलटसुलट का, तर व्याल्यानंतर दोनेक महिन्यांनी दूध आपोआपच हळूहळू उतरत जातं, सगळ्यांना आधी नेहमीचा आणि मग जास्त दिला असता तर त्या उतरणीने खुराकाचा परिणाम झाकला गेला असता. प्रत्येक टप्प्याचे पहिले दहा दिवस मोजायचे पण हिशोबात धरायचे नाहीत, पोटातले जंतू नव्या खाण्याला जुळायला वेळ घेतात. सगळ्यात अवघड गेलं ते मालकांना हे पटवणं की मध्येच दूध वाढलं म्हणून खुराक वाढवू नका. एकाने दुसऱ्या आठवड्यात गुपचूप वाढवलाच होता, गोणी लवकर संपली म्हणून कळलं, ती गाय बदलून पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

निकाल: एक किलो जास्तीला सरासरी अर्धा लिटर. रेंज ०.२ ते ०.८. एका गाईत चक्क कमी झालं, एकीत सव्वा लिटर वाढलं. १.६ आणि ०.५, मध्ये केवढं अंतर बघा, आणि दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. आता अण्णांचा तोच हिशोब लावला तर ३३ रुपयांचा किलो, दूध १५ रुपयांचं, म्हणजे किलोमागे १८ रुपये शेतकऱ्याच्या खिशातून. तीन आठवड्यांत गाईच्या अंगावर काय चढलं, पुढे ती वेळेवर माजावर आली का, हे आम्ही मोजलेलं नाही त्यामुळे १८ रुपये शुद्ध तोटा असंही मी लिहिलं नाही. आणि हा अर्धा लिटरही ४ ते ६ किलोवर एक वाढवण्याचाच आहे, दोन किलोवर असलेल्या उपाशी गाईला किलो वाढवला तर जास्तही वाढेल, तिकडचं आम्हाला माहीत नाही. हे सगळं निकालाच्या मेलमध्ये पहिल्या चार ओळींत टाकलं, ह्या वेळी खाली नाही.

पत्रक निघालं. त्यावर लिटरचा दावा नाही, दुधाप्रमाणे खुराकाचा तक्ता आहे, आठ किलोला थांबणारा, आणि खाली चाऱ्याबद्दल दोन ओळी. अण्णांचे एजंट मात्र गावोगाव अजून "किलोला दीड लिटर" सांगतात असं मी माझ्या कानांनी ऐकलंय, पहिला मेल कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केला होता आणि त्याच्यातलं खालचं बारीक अर्थातच कापलेलं होतं.

गेल्या महिन्यात अण्णांचा पुन्हा फोन. म्हणाले, साहेब तो अर्धा लिटर म्हशीला चालेल ना, म्हशीचं पत्रक काढतोय. मी म्हटलं अण्णा, बारा गायींच्या शीटमध्ये म्हशीची ओळ कितवी आहे? ते हसले, म्हणाले, "बरं बरं, किती म्हशी लागतील ते सांगा."